तेल धुरावते तेव्हा : चकलीचे, फोडणीचे आणि कोशिंबिरीचे तेल

दिवाळी जवळ आली की मंडळाच्या फराळाच्या कामात एक चर्चा दरवर्षी रंगते. चकली सिंगतेलात तळायची की कपासिया तेलात? वडोदऱ्यात दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घरांमध्ये सिंगतेलाचा डबा भरून ठेवण्याची पद्धत आहे. त्या तेलाची चव जिभेवर बसलेली असते. पण त्याच तेलात चकलीचे चार घाणे काढले की स्वयंपाकघर धुरकट होते, डोळे चुरचुरतात आणि कोणीतरी म्हणते, "यंदाचं तेल भेसळीचं दिसतंय." बहुतेक वेळा तेलात भेसळ काहीच नसते. तेल चांगलेच असते, फक्त त्याला दिलेले काम त्याचे नसते. हा धूर कुठून येतो हे नीट समजले की तळणीला कोणते तेल, फोडणीला कोणते आणि काकडीच्या कोशिंबिरीवर कोणते, हे पाठ करावे लागत नाही. म्हणून यंदा फराळाच्या आधी आम्ही हा विषय थोडा सविस्तर मांडतो आहोत.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. कढईत भजी सोडली की तेल खळखळते, त्याला आपण "तेल उकळतंय" म्हणतो. तेल उकळत नाही. ते बुडबुडे भज्याच्या पिठातल्या आणि कांद्यातल्या पाण्याची वाफ असते. पाणी १०० अंशांना उकळते. तेलाला तसा उकळबिंदू आपल्या गॅसवर गाठताच येत नाही, कारण त्याआधीच ते मोडू लागते. धूर म्हणजे तेल मोडत असल्याची खूण.

मोडते म्हणजे काय होते? तेलाचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरीनची एक छोटी दांडी आणि तिला लटकलेली तीन मेदाम्ले, असे समजा. तीन दातांचा काटा डोळ्यांसमोर आणला तरी चालेल. हा अख्खा काटा जड असतो, तो सहजासहजी हवेत उडत नाही. पण एखादे मेदाम्ल दांडीपासून सुटले की ते एकटे हलके असते आणि गरम तेलावरून वाफेसारखे वर जाते. ते थंड हवेला लागून बारीक थेंब होतात आणि आपल्याला निळसर धूर दिसतो. मागे राहिलेले ग्लिसरीन फार तापले की त्यातून पाणी निघून जाते आणि अॅक्रोलीन नावाचा वायू तयार होतो. डोळ्यांना झोंबणारा, घशात खवखव करणारा जळक्या तेलाचा जो वास असतो तो मुख्यतः त्याचा. तेल जितके जास्त वेळ धुरावत ठेवाल तितका तो वाढतो.

तेव्हा तेल किती अंशांवर धुरावेल हे ते शेंगदाण्याचे आहे की सूर्यफुलाचे, यापेक्षा त्यात आधीच सुटलेली, मोकळी मेदाम्ले किती आहेत यावर जास्त ठरते. हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इंटरनेटवर फिरणारे तेलांचे तक्ते तो सांगत नाहीत. त्यात "शेंगदाणा तेल, २३० अंश" एवढेच लिहिलेले असते. तो आकडा ताज्या, रिफाइंड शेंगदाणा तेलाचा असतो. आपल्याकडच्या डब्यातले फिल्टर केलेले सिंगतेल शेंगदाण्याचेच असले तरी ते १६० अंशांच्या पुढे कधीही धुरावू शकते.

हिशेब साधारण असा आहे. मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाइतके असले तर तेल सुमारे २३० अंशांपर्यंत शांत राहते. ते दहापट वाढून टक्क्याचा दहावा हिस्सा झाले की धूर १९५ ते २०० च्या आसपास सुरू होतो. आणखी दहापट वाढून एक टक्का झाले की १६० ला. म्हणजे दर दहापटीमागे सुमारे ३५ अंश. आकडे तेलागणिक थोडे इकडे-तिकडे होतात, पण उतार असाच असतो.

ही मोकळी मेदाम्ले येतात कुठून? काही दाण्यातच असतात. शेंगा ओलसर गोदामात पडून राहिल्या, दाणे फुटके असले, बुरशी लागलेली असली तर दाण्यातलेच पाचक द्रव्य तेल तोडू लागते. घाण्यात किंवा एक्स्पेलरमध्ये दाबून तेल काढले आणि नुसते गाळले तर ती सगळी तेलाबरोबर डब्यात येतात. शिवाय दाण्याचा अगदी बारीक गर, रंग, सुगंधी द्रव्ये हेही येते. याच गोष्टींमुळे सिंगतेलाला तो खमंग वास असतो आणि याच गोष्टी कढईत सगळ्यांत आधी जळतात.

रिफाइंड तेलाचे उलटे. कारखान्यात तेलाला सौम्य क्षार लावून मोकळी मेदाम्ले साबणासारखी वेगळी काढतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग उतरवतात आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात, म्हणजे वास देणारी, उडून जाणारी द्रव्ये निघून जातात. थोडक्यात, जो धूर आपल्या कढईत निघायचा तो कारखान्यातच काढून घेतलेला असतो. वासही त्याबरोबर जातो. चव आणि धूर एकाच वाटेने जातात, त्यामुळे "वासाला घाणीचे आणि तळायला बिनधुराचे" असे तेल मागू नये. कोणी तसे देतो म्हणाला तर थोडे सावध राहिलेले बरे.

चकलीचा एक दिवस

आता नेहमीचेच उदाहरण घेऊ. दोन किलो भाजणीच्या चकल्या करायच्या आहेत आणि कढईत दोन लिटर तेल आहे. चकली चांगली व्हायला तेल १६५ ते १७५ अंशांच्या दरम्यान हवे. त्याहून थंड तेलात चकली सुटते, विरघळल्यासारखी होते आणि तेल पिते. त्याहून गरम तेलात बाहेरून पटकन लाल होते, आत पाणी राहते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते.

कढईतले तापमान मात्र एका जागी थांबत नाही. पाच-सहा चकल्या सोडल्या की तेल एकदम गार होते, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. बुडबुडे कमी झाले म्हणजे चकलीतले पाणी संपत आले, आणि मग तेल पुन्हा भराभर तापते. घाणा काढून दुसरा सोडेपर्यंत जो एक-दीड मिनिट जातो त्यात गॅस मोठाच राहिला तर तेल सहज १९० च्या वर जाते. म्हणजे चकलीला १७० अंश हवे असले तरी तेलाला २०० पर्यंतचा धक्का सोसता आला पाहिजे.

फिल्टर सिंगतेलात मोकळी मेदाम्ले टक्क्याच्या आसपास असली, तर ते १६० लाच धुरावू लागणार. चकली घालण्याच्या तापमानालाच पातळ धूर, दोन घाण्यांच्या मधे चांगला धूर. तेल वाईट नाही, त्याला जागाच उरलेली नाही. तेच काम ताज्या रिफाइंड शेंगदाणा किंवा रिफाइंड कपासिया तेलाने केले तर धुरापासून ३०-४० अंशांची मोकळीक मिळते. आपल्या शहरातले फरसाणवाले कपासिया का वापरतात याचे एक कारण भाव असेल, पण हेही एक कारण आहे. त्या तेलाला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि शेव-फाफड्याच्या मोठ्या आचेला ते टिकते.

येथे एक काटकसरीची सवय बघू. पहिल्या दिवशी तळून उरलेले लिटरभर तेल दुसऱ्या दिवशी ताज्या लिटरभर तेलात मिसळायचे, म्हणजे "निम्मे तरी ताजे". तळताना चकलीतले पाणी आणि उष्णता मिळून तेलाचे काटे तोडत असतात, म्हणून वापरलेल्या तेलात मोकळी मेदाम्ले वाढलेली असतात. समजा जुन्यात ती एक टक्का आहेत आणि ताज्यात टक्क्याचा विसावा हिस्सा. जुने १६० ला धुरावते, ताजे साधारण २०५-२१० ला. मिश्रण १८५ ला धुरावेल असे आपल्याला वाटते. पण मिसळल्यावर प्रमाण जवळपास अर्धा टक्का होते, आणि उतार दहापटीचा असल्यामुळे अर्धा टक्का म्हणजे एक टक्क्यापासून जेमतेम दहा अंश वर. मिश्रण १७० ला धुरावते. ताजे लिटर घातले आणि मिळाले फक्त दहा अंश. जुने तेल ताज्याला आपल्याकडे ओढते, ताजे जुन्याला सुधारत नाही. म्हणून जुने तेल मिसळून तळणीत घालण्यापेक्षा रोजच्या भाजी-आमटीत दोन-तीन दिवसांत संपवावे, तेथे ते इतके तापत नाही.

धुरामागे आणखी एक साधे कारण असते आणि ते तेलाचे नसतेच. चकलीचा चुरा, शेवेचे तुकडे, पुरीचे कोरडे पीठ कढईच्या तळाशी बसते आणि तेल धुरावण्याच्या कितीतरी आधी जळते. पुऱ्या लाटताना पीठ भुरभुरण्याऐवजी पोळपाटाला तेलाचे बोट लावले तर दहा-पंधरा पुऱ्यांनंतरचा धूर निम्म्यावर येतो. दर दोन-तीन घाण्यांनंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने तळ काढावा.

थर्मामीटर नसेल तर भाजणीची वाटाण्याएवढी गोळी टाकून पाहायची. गोळी तळाशी जाऊन बसून राहिली तर तेल थंड आहे. तळाला टेकून दोन-तीन सेकंदांत बुडबुडे घेत वर आली तर चकली सोडायला हरकत नाही. पडता क्षणी वर येऊन लाल झाली तर गॅस कमी करा आणि मिनिटभर थांबा. "धूर आला म्हणजे तेल तापलं" ही खूण मात्र सोडून द्यावी. ती घाणीच्या तेलाची जुनी खूण आहे. घाणीचे तेल १६०-१७० ला धुरावत असे, म्हणून ती तेव्हा बरोबर बसत असे. तीच खूण रिफाइंड तेलाला लावली तर धूर दिसेपर्यंत तेल २१०-२२० ला गेलेले असते आणि पहिला घाणा करपतो. मोहनाचेही तसेच. कडकडीत मोहन म्हणजे चिमूटभर पीठ टाकल्यावर फसफसेल इतके गरम तेल. धुरावलेले मोहन पिठात घातले तर तो जळका वास चकलीत महिनाभर राहतो.

धुराकडे दुर्लक्ष केले तर पुढे काय? तापमान ३०० अंशांच्या पुढे गेल्यावर तेलाच्या वाफा ठिणगीने पेट घेतात आणि थोड्याच वेळात तेल स्वतः जळत राहते. कढई गॅसवर ठेवून दार उघडायला गेले आणि बोलत उभे राहिले, एवढ्याने हे होऊ शकते. तेल पेटलेच तर पाणी अजिबात ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, क्षणात वाफ होऊन हजारपटीहून जास्त फुगते आणि पेटलेले तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, कढईपेक्षा मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवत वर झाकायची आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत उचलायची नाही, हलवायचीही नाही.

धूर न येणारे तेलही बिघडते

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सर्वांत उशिरा धुरावणारे रिफाइंड तेल घेतले की झाले. तेवढ्यावर थांबता येत नाही. रिफाइंड सूर्यफूल तेलही २२५ अंशांच्या आसपासपर्यंत शांत राहते, पण दोन-तीनदा तळल्यावर कढईच्या कडेला पिवळा, चिकट, घासून न निघणारा थर ते इतर तेलांपेक्षा लवकर चढवते.

तो थर म्हणजे एक प्रकारचे वॉर्निशच आहे. काही मेदाम्लांच्या साखळीत मोकळे दुवे असतात, त्यांना हवेतला प्राणवायू चिकटतो आणि मग कण एकमेकांना जोडले जाऊन डिंकासारखे घट्ट होतात. ज्या मेदाम्लांत असे दुवे दोन किंवा तीन असतात ती लवकर बिघडतात. जवसाच्या तेलात ती खूप जास्त, म्हणून तर जवसाचे तेल लाकडावर आणि रंगात वापरतात, ते वाळून कडक होते. नेहमीच्या सूर्यफूल तेलात अशी मेदाम्ले साठ टक्क्यांच्या घरात, सोयाबीन तेलातही जवळपास तेवढीच, कपासियात निम्म्याच्या आसपास, तर शेंगदाणा तेलात साधारण तिसरा हिस्सा. खोबरेल तेलात अगदी थोडी. म्हणून वारंवार तापणाऱ्या तळणीसाठी शेंगदाण्याचे रिफाइंड तेल या सगळ्यांत समतोल पडते. राइस ब्रॅन, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचे तेलही त्याच्या जवळचे आहे आणि ते बऱ्यापैकी उशिरा धुरावते. कपासिया एका दिवसाच्या मोठ्या तळणीला उत्तम, पण ते गाळून पंधरा दिवस ठेवू नये. इंदूरकडच्या सभासदांच्या घरी सोयाबीन तेलच जास्त असते, कारण माळवा सोयाबीनचा प्रदेश. त्यांनीही चकली-शेव सोयाबीनमध्ये खुशाल तळावी, पण एकदाच, आणि उरलेले तेल भाजीत संपवावे.

उरलेले तेल कसे ठेवायचे यावरही बरेच अवलंबून असते. लोखंड आणि तांबे-पितळ ही दोन्ही तेल खवट होण्याची क्रिया वाढवतात. लोखंडी कढईत तळायला हरकत नाही, पण तेल त्याच कढईत झाकून रात्रभर ठेवू नये. कोमट झाले की सुती फडक्यातून गाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर. ओट्यावर गॅसच्या शेजारी उघड्या बरणीत ठेवलेले "तळणीचं तेल" आठ दिवसांत बिघडते, मग ते कितीही महागाचे असो.

बिघडले हे ओळखायचे कसे? रंगावर फार जाऊ नये. जिलबी तळलेले तेल लवकर काळे पडत नाही, मसाल्याची शेव तळलेले पहिल्याच दिवशी काळवंडते. त्यापेक्षा फेस पाहा. ताज्या तेलात भजी सोडली की मोठे, पटकन फुटणारे बुडबुडे येतात. बिघडलेल्या तेलात बारीक, साबणासारखा फेस येतो, तो फुटत नाही, वर चढत राहतो आणि भजी काढल्यावरही काही वेळ टिकतो. दुसरी खूण, गार तेल चमच्यातून सोडले तर मधासारखे सावकाश पडते. तिसरी अर्थात धूर. मागच्या वेळी ज्या आचेवर तेल शांत होते तेथेच आता धुरावत असेल तर ते टाकायचे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून खाद्यव्यवसायांसाठी मर्यादा घातली आहे, तेलातल्या तापून बिघडलेल्या घटकांचे प्रमाण, ज्याला एकूण ध्रुवीय संयुगे म्हणतात, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचे नाही. घरी ते मोजता येत नाही. घरासाठी त्याच प्राधिकरणाचा सल्ला असा, की तेल पुन्हा तापवणे टाळावे आणि तापवलेच तर तीनदाच्या वर जाऊ नये. आमचा अनुभव असा की फेसाची खूण बहुधा त्याच सुमारास दिसू लागते. टाकायचे तेल मोरीत ओतू नये, नळीत थिजून ती तुंबवते. बाटलीत भरून ठेवावे.

अनारशांची गोष्ट वेगळी. ते तुपात, मंद आचेवर, चकलीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला तळतात, त्यामुळे तेथे धुराचा प्रश्न येत नाही. तुपाबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की लोणी १५० च्या आसपास करपू लागते, कारण त्यात दुधाचे कण आणि पाणी असते. लोणी कढवताना आपण नेमके तेच काढून टाकतो. बेरी नीट गाळली नसेल, तुपात तांबूस कण राहिले असतील, तर ते तूप तळणीत लोण्यासारखेच वागते.

फोडणी : दोन चमचे तेल आणि अर्धे मिनिट

फोडणीत नियम उलटे होतात. येथे तेल तापून मिनिटभरात वरणात किंवा भाजीत जाते, त्यामुळे ते वारंवार तापण्याची भीती नाही. चव मात्र पूर्णपणे तेलातून जाते. मोहरी, हिंग, जिरे यांची सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात आणि पदार्थभर पसरतात. त्यामुळे स्वतःचा वास असलेले सिंगतेल येथे शोभते. सेव-उसळीची तर्री असो की साधे फोडणीचे वरण, रिफाइंड तेलाची फोडणी त्यापुढे मुकी वाटते.

अडचण एकच. कढल्यात दोन चमचे तेल असते आणि त्याखाली तोच मोठा गॅस. दोन लिटर तेलाला १७० अंश गाठायला दहा मिनिटे लागतात, दोन चमच्यांना अर्धे मिनिट, आणि पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत ते धुरावते. म्हणून फोडणीचे डबे, हिंग, हळद, कढीपत्ता हाताशी घेऊनच गॅस लावायचा. मोहरी हा आपला थर्मामीटर आहे. दाण्याच्या आतले पाणी वाफ होऊन साल फोडते तेव्हा ती तडतडते, आणि ते सिंगतेलाच्या धुराच्या बिंदूआधी किंवा जेमतेम त्याच सुमारास होते. एक-दोन दाणे टाकून पाहावे, ते फुटले की बाकीची मोहरी घालून गॅस बारीक करावा. मोहरी पूर्ण फुटल्यावर जिरे, मग हिंग, मग कढीपत्ता. हळद आणि तिखट गॅस बंद केल्यावर, कारण ती पूड असते आणि दोन-तीन सेकंदांत करपते. फोडणी काळपट आणि कडसर होते तेव्हा नव्वद टक्के वेळा तेलाला नाही तर हळदीला आच जास्त झालेली असते.

ग्वाल्हेरकडच्या आपल्या कुटुंबांत सरसोंचे तेल वापरतात, आणि ते "धूर निघेपर्यंत तापवून मग गार करून" वापरायची तेथे रीत आहे. रीतीमागचे कारण खरे आहे. कच्च्या सरसोंच्या तेलाचा नाकात जाणारा झणका एका उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो, तो गेला की तेल सौम्य होते. पण ते द्रव्य १५० अंशांच्या आसपासच उडते. त्यासाठी तेल दाट धूर निघेपर्यंत नेण्याची गरज नाही. तेल पातळ होऊन कढईत सहज फिरू लागले, त्यावर लाटांसारख्या रेषा दिसू लागल्या आणि झणका ओसरला की पुरे. लोणच्यासाठी तापवतानाही तेवढेच, मग पूर्ण गार करून फोडीवर घालावे.

न तापवलेले तेल

सॅलडचे तेल म्हटले की आता ऑलिव्ह तेलाची बाटली डोळ्यांपुढे येते. ते वाईट नाही, पण आपल्याकडे कच्चे तेल वरून घेण्याची सवय त्याच्याआधीपासून आहे. भाकरीबरोबर ठेच्यावर किंवा शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार, हे एक प्रकारचे ड्रेसिंगच झाले. येथे आच नाही, म्हणून धुराचा बिंदू बघायचा नाही. उलट जी तेले तळणीला सर्वांत नालायक, ती येथे सर्वांत चांगली. रिफाइंड तेल कच्चे घालण्यात अर्थ नाही, त्याची चव कारखान्यातच राहिली.

बेळगाव आणि सोलापूरकडच्या घरांत यासाठी करडईचे तेल असे. घाण्यावरच्या करडई तेलात ते बिघडणारे, दोन दुव्यांचे मेदाम्ल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असते, म्हणजे तळणीला ते आपल्या यादीत तळाशी. पण चटणीवर किंवा वांग्याच्या भरतावर कच्चे घेतले तर त्याची हलकी, गवताळ चव दुसऱ्या तेलाला येत नाही. तिळाचे घाण्याचे तेल थोडे उग्र, ते कांदा-मुळ्याच्या कोशिंबिरीला चालते, काकडीला नाही. गोव्याकडे न तापवलेले खोबरेल तेल शिजलेल्या भाजीवर वरून घेतात, मात्र थंडीत ते २४-२५ अंशांखाली थिजते, म्हणून गार कोशिंबिरीत ते बसत नाही, त्याच्या कण्या होतात.

कोशिंबिरीचे प्रमाण आम्ही असे ठेवतो. दोन वाट्या चोचवलेली काकडी मीठ लावून पिळून घ्यायची, त्यात अर्धी वाटी दाण्याचे कूट, चवीला साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन चहाचे चमचे घाण्याचे शेंगदाणा तेल. तेल आधी कुटाला चोळायचे आणि मग काकडीत मिसळायचे. काकडीवर थेट घातले तर पाण्यामुळे ते घसरून ताटात जमते, कुटाला लावले तर कुटाबरोबर प्रत्येक घासात येते. खमंग काकडीला तुपाची जिऱ्याची फोडणी असते, तेथे कच्चे तेल घालू नये, दोन्ही वास एकमेकांना मारतात.

कच्च्या वापराची तेले लहान बाटलीतच घ्यावीत, पाव किंवा अर्धा लिटर, आणि गडद रंगाच्या काचेची मिळाली तर उत्तम. करडई आणि जवसाचे तेल उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे आणि महिना-दीड महिन्यात संपवावे. जवसाचे तेल खवट झाले की त्याला ओल्या रंगासारखा वास येतो, ताज्या रंगवलेल्या दारासारखा. तो वास आला की ती बाटली चटणीवर न घेता पोळपाट-लाटणे आणि लाकडी उलथणी पुसायला वापरावी, सावलीत पूर्ण वाळू द्यावे. तेथे ते अजून चांगले काम करते.